नूरबीच्या ट्रंकेतला कमरपट्टा

आमच्या मुरुम गावात कुणाचं लग्न ठरलं हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? लोक म्हणतील भटजीला, काजीला, नाहीतर मंडपवाल्याला. सगळं खोटं. आधी कळतं ते नूरबीला, आणि तिच्यामागोमाग मला. कारण माझा ओटा तिच्या दारासमोर आहे, आणि डोळे अधू झाले तरी माझे कान अजून शाबूत आहेत.

नूरबी म्हणजे नूरुन्निसा मणियार. नवऱ्याचा, शब्बीरचा, बांगड्यांचा धंदा. तो अचानक गेला तेव्हा पोरगा साजिद अंगावर पीत होता. बाईनं बांगड्यांची टोपली डोक्यावर घेतली आणि वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या. साजिद मोठा झाला, बाजारात दुकान टाकलं, आणि नूरबीची टोपली खाली उतरली. पण हात रिकामे बसेनात. तिनं नवरीचे दागिने भाड्यानं द्यायला सुरुवात केली. ठुशी, चिंचपेटी, बोरमाळ, झुमके, बिंदी, झुमर. हिंदू नवरी असो की मुसलमान, सगळ्यांचं तिच्याकडं निघायचं. बहुतेक माल नकली, पण बाईची मिजास अस्सल.

मिजास कशाची, तर सांभाळण्याची. तिच्या आतल्या खोलीत एकदा डोकावून या. तुमच्या घरची कपाटं बघायची लाज वाटेल. साखळी ठेवायची तर आधी ती सरबत प्यायच्या नळीतून ओवायची, मग तिचा फासा अडकवायचा, मगच पिशवीत. त्यामुळं गुंता म्हणून व्हायचा नाही. झुमक्यांच्या जोड्या जाड पुठ्ठ्याला भोकं पाडून टोचलेल्या. खड्यांचा प्रत्येक नग खणाखणाच्या डब्यात वेगळा, कारण खडा शेजारच्याला ओरबाडतो. "खडा आणि जाऊ एका खणात ठिवू नये," असं ती म्हणायची. मोत्याची माळ कधी टांगायची नाही, दोरा सैल पडतो. ती मऊ फडक्यात आडवी झोपवायची. परत आलेला दागिना घाम पुसल्याशिवाय आत जायचा नाही. आणि नवरीला ताकीद: अत्तर, पावडर, केसांचा फवारा, सगळं आधी, दागिना शेवटी चढायचा, आणि सगळ्यात आधी उतरायचा.

चांदीचं आणि पॉलिशचं जे काही होतं त्यासाठी वेगळा बंदोबस्त. दाबून बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि प्रत्येकीत बोटभर कागदाची एक पट्टी. ती पट्टी साजिद सोलापुरातून आणायचा. हवेतलं जे काही धातूला काळं करतं ते ही पट्टी स्वतः पिऊन टाकते, म्हणून दागिना पांढरा राहतो. पिशवीतली हवा दाबून काढायची, तोंड घट्ट लावायचं, आणि सहा-आठ महिन्यांनी पट्टी बदलायची. नूरबी तिला तावीज म्हणायची. "तावीज बांधला की नजर लागत न्हाय," असं म्हणून स्वतःच हसायची.

हसायची, पण चूक सोडायची नाही. कुणी दोन साखळ्या रबर गुंडाळून परत आणल्या, की तिचा आवाज माझ्या ओट्यापर्यंत. रबर म्हणजे चांदीचा दुश्मन, रबर म्हणजे काळा डाग, रबर लावणाऱ्या बाईनं संसार तरी कसा केला असेल, इथपर्यंत मजल जायची. गावातल्या डॉक्टरीणबाईसुद्धा तिच्या दारात चप्पल काढताना आधी पिशवी उघडून बघायच्या, रबर-बिबर नाही ना राहिला. मी मजेनं ऐकायचो. दुसऱ्याची बोलणी खाल्लेली ऐकण्यात जे सुख आहे ते फुकट मिळतंय, तर सोडावं कुणी?

या सगळ्या मालात एक नग मात्र भाड्याचा नव्हता. तो म्हणजे तिच्या सासूचा चांदीचा कमरपट्टा. चार बोटं रुंद, कडीला कडी जोडलेली, मधे कमळाची पेटी. शुद्ध चांदी. कितीजणींनी मागितला, नूरबीनं दिला नाही. आपल्या नातीला, अलिजाला, तो घालूनच निकाह लावायचा, असं तिनं पोरगी पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. 

तो तिनं आजवर एकीलाच दिला. धुरपताबाईच्या नातीला.

धुरपताबाई धनगर. वेशीबाहेरच्या वस्तीवर राहते. मेंढरं, थोडं रान, मोठं खटलं. नूरबी टोपली घेऊन हिंडायची त्या दिवसांत या धुरपताबाईच्या झोपडीत साजिद झोळीत झोपायचा. नूरबी बायकांना बांगड्या भरायची, धुरपताबाई पोराला शेळीचं दूध पाजायची. साजिदनं दुकान टाकलं तेव्हा पहिली बांगडी भरायला हीच बाई आली. तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी धुरपताबाई नूरबीच्या उंबऱ्यावर टेकणार, पान खाणार, आणि दोघी मिळून अख्ख्या गावाची सालं काढणार. त्यात माझीही निघायची. मी समोर बसून ऐकायचो आणि न ऐकल्यासारखं करायचो.

तर धुरपताबाईच्या नातीचं, प्रतीक्षाचं, उन्हाळ्यात लग्न झालं. भूम तालुक्यातल्या ईटला दिली. नूरबीनं आपण होऊन कमरपट्टा काढून दिला. लग्नानंतर धुरपताबाई स्वतः तो परत घेऊन आली. धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधलेला, पुसून लख्ख केलेला. सोबत एक भेट. काळ्या घोंगडीचा हातभर रुंद, दोन हात लांब तुकडा. घरच्या लोकरीचा, नवाकोरा. नूरबीनं दोन्ही घेतलं, चहा पाजला. पण त्या दिवशी दारात लग्नाच्या बायकांची ही गर्दी. धुरपताबाई काहीतरी बोलून गेली ते तिनं ऐकलं न ऐकलं.

पाऊस आला, गेला. दिवाळी झाली आणि अलिजाचा निकाह ठरला. नूरबीनं ट्रंक उघडली आणि कमरपट्टा काढला.

पट्टा काळा होता. उजळायला हवा तिथं काजळी धरलेला, कमळाच्या पाकळ्यांत निळसर जांभळी झाक.

आता तुम्ही म्हणाल, चांदी आहे, काळी पडणारच. खरंय. घराघरात पडते, लोक घासतात आणि घालतात. पण नूरबीच्या घरात काळी पडत नाही. हा नुसता अनुभव नव्हता, ते तिचं इमान होतं. आयुष्यभर ज्या बाईनं दुसऱ्यांच्या काळ्या चांदीवर तोंड वाजवलं, तिच्या ट्रंकेत चांदी काळी? मग एकच अर्थ तिला दिसला: आपलं काही चुकलेलं नाही, तेव्हा ही आपली चांदीच नव्हे.

त्या दिवशी बाजार होता. दारात चार-सहा बायका नेकलेस निवडत बसलेल्या. आणि धुरपताबाई नेहमीसारखी येऊन उंबऱ्यावर टेकली.

नूरबीनं पट्टा तिच्यापुढं ठेवला. आवाज चढवला नाही, तेच वाईट झालं.

"धुरपताबाई, माझा पट्टा कुठाय?"

"ह्यो काय, म्होरं ठिवलाय की तुमी."

"हा माझा न्हाय. माझी चांदी अशी काळी पडत न्हाय. हे गिलट हाय."

धुरपताबाईला आधी थट्टा वाटली. ती हसली. मग तिनं आजूबाजूला बघितलं. नेकलेस निवडणाऱ्या बायकांचे हात थांबलेले, आणि सगळ्या तिच्याकडं बघत होत्या. अशा वेळी बायका कशा बघतात ते मला ठाऊक आहे. तोंडावर दया, आणि डोळ्यांत घरी जाऊन सांगायची घाई.

ती शपथा घालत बसली नाही. तिनं पदर बाजूला केला आणि दंडातली चांदीची दोन्ही कडी काढायला लागली. किती वर्षांची रुतलेली ती कडी, निघेनात. तिनं न्हाणीघराकडं जाऊन साबण मागून घेतला, दंड चोळला. कातडी लाल झाली, पण कडं निघालं. दुसऱ्या हाताचंही काढलं. दोन्ही नूरबीच्या उंबऱ्यावर ठेवली.

"खरं काय ते निघंस्तोवर ही ऱ्हाऊ द्या. माझ्या नातीचं नाव मातुर घिऊ नगा. तिनं काय केलं न्हाय."

आणि ती गेली. मी आयुष्यात बऱ्याच बायका भांडून जाताना बघितल्या आहेत. त्यांची पाठ ताठ असते. धुरपताबाईची नव्हती. भर बाजाराच्या दिवशी ती भिंतीच्या कडेकडेनं गेली.

नातीचं नाव घेऊ नका म्हणे. मुरुमची गोष्ट मुरुमात राहायला गावाला वेस तरी धड आहे का? आठवड्याच्या आत ती ईटला पोचली. पोचवणारी आमच्याच बाजारातली, जावयाच्या गावी गेलेली एक बाई. नाव सांगत नाही, तिच्या हातचा चिवडा मला आवडतो. प्रतीक्षाच्या सासूनं वरवर काही म्हटलं नाही. फक्त इतके दिवस खुंटीला लटकणारी कपाटाची किल्ली तिनं आपल्या कमरेला खोचली. हेही त्याच वाटेनं मुरुमात परत आलं. पोरीला न कळण्यासारखं त्यात काय होतं? तिनं आजीला फोन केला आणि विचारलं, "आज्जी, पट्टा कुणी बदलला गं?" तिनं नुसतं एवढंच विचारलं. पण त्या प्रश्नात, आजीनं किंवा घरातल्या कुणीतरी तो बदलला असणार, हे आलंच की. धुरपताबाईनं त्या रात्री भाकरी खाल्ली नाही, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरातल्या पेट्या उचकल्या. आपल्याच सुनांच्या गाठोड्यांत हात घातले. काही निघालं नाही. पण हात घातला तो घातला. सुना त्यानंतर तिच्यापुढं नुसत्या कामापुरतं बोलायच्या.

इकडं नूरबी पट्टा घेऊन धोंडप्पा पोतदार सोनाराच्या पेढीवर गेली. गिलट आहे हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि मग तो पट्टा धुरपताबाईच्या दारात नेऊन टाकायचा, असा बेत. धोंडप्पानं पट्टा हातात घेतला, उलटा केला, कसही लावला नाही. फाशाजवळच्या कडीवर बोट ठेवलं.

"ह्यो डाक दिसला का? ही कडी तुटली व्हती. आमच्या वडलांनी जोडली. तुमच्या सासूबाईच घिऊन आल्या व्हत्या. पट्टा त्योच हाय नूरबी. दुसरा कुठनं यील?"

पेढीवर अजून दोघं-तिघं बसले होते. नूरबीनं पट्टा पिशवीत घातला आणि ती घरी आली. त्या संध्याकाळी तिचा आवाज माझ्या ओट्यावर आला नाही.

पण माणसाचं मन मोठं वकील असतं. पट्टा तोच, बरं. मग खराब तर त्यांनीच केला असेल? काहीतरी लावून घासला असेल, कशात तरी बुडवला असेल? असं म्हणून तिनं दोन दिवस स्वतःला तारलं. तिसऱ्याच गोष्टीनं ती बुडाली.

धुरपताबाईची ती कडी ट्रंकेवर तशीच पडली होती. आता राग असो की लोभ, नूरबीला दागिना उघडा पडलेला बघवत नाही. तो हाताचा आजारच आहे तिच्या. तिनं पुसायला फडकं घेतलं, पिशवी घेतली, एक पट्टी काढली. पुसताना तिला एका कड्याच्या वळ्यात काहीतरी अडकलेलं दिसलं. काळा केस. माणसाचा नाही, आखूड, जाडसर, कुरळा. लोकरीचा. आणि कडी कशी होती? थेट पट्ट्यासारखीच काळी. तीच निळसर झाक.

तिनं पट्टा पुन्हा उलगडला. आता भिंग घेऊन बघावं तसं बघितलं. पट्ट्याच्या सगळ्यात बाहेरच्या वेढ्यावर काळं होतं. आतले वेढे जेमतेम पिवळट, आणि अगदी मधला भाग पांढरा. चांदीतच खोट असती तर आत-बाहेर सारखी दिसली असती. हे बाहेरून लागलेलं होतं. आणि बाहेरच्या कड्यांच्या जोडात, दोन ठिकाणी, तोच काळा कुरळा केस.

मग तिला आठवलं.

उन्हाळ्यात पट्टा परत आला तेव्हा त्याच्या मोठ्या पिशवीचं तोंड फाटलं होतं. तेवढ्या मापाची दुसरी पिशवी घरात नव्हती. दारात बायका खोळंबल्या होत्या. समोर घोंगडीचा तो तुकडा पडला होता. मऊ, जाड, ओरखडा म्हणून यायचा नाही. शिवाय घोंगडीला लोकरीचा वास होता, वरून चिंचोक्याच्या खळीचा. तो कुठं ठेवावा हाही प्रश्नच होता. तिनं पट्ट्याची गुंडाळी केली, वरून घोंगडी लपेटली, कागदाची एक पट्टी वर ठेवली आणि ट्रंक लावून टाकली. नंतर पिशवी आणू, असं म्हणाली असेल. नंतर म्हणजे कधी, ते आपण सगळे जाणतो.

पट्टीचं काम बंद पिशवीत. मोठ्या ट्रंकेत ती बिचारी किती पिणार? आणि लोकर तर स्वतःच चांदीला काळं करते, जसं रबर करतं. वर चार महिन्यांची ओल. नूरबीला रबर ठाऊक होता, लोकर ठाऊक नव्हती. तरी तिनं खात्री करून घेतली. चांदीचे दोन छल्ले काढले. एक पिशवीत पट्टीबरोबर, एक घोंगडीच्या घडीत ओलसर जागी. पंधरवड्यानं बघितलं. आमच्या घरात येऊन तिनं दोन्ही छल्ले माझ्या बायकोच्या तळहातावर ठेवले, एक पांढरा आणि एक काळवंडलेला, आणि म्हणाली, "भाबी, चोर घरातच सापडला."

आणि मग ती रडली नाही, ओरडली नाही. पदरानं तोंड झाकून बसून राहिली. आमच्या बायकोनं चहा ठेवला, तो निवून गेला. मी पलीकडच्या खोलीत पेपर उलटा धरून बसलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हे ऐकायला नको होतं.

चूक कळणं सोपं. ती घेऊन जायची कुठं, हा खरा पेच. नूरबीनं त्यावर चार दिवस घालवले. माझ्या बायकोला म्हणाली, जाऊन खरं सांगते. आणि उठली, आणि पुन्हा बसली. कारण खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की धुरपताबाई, तुमच्या भेटीनं माझी चांदी काळी झाली? चोरीचा आळ आधीच घातलाय, वर आता तुमची घोंगडीच खोटी, असं तोंडावर म्हणायचं? धनगराच्या घरी घोंगडी म्हणजे काय ते इकडं सगळ्यांना ठाऊक आहे. देवापुढं अंथरतात ती. शपथ घेतात तिच्यावर.

चौथ्या दिवशी तिनं साजिदला मोटारसायकल काढायला लावली.

वस्तीवर मेंढरांची कातरण चालली होती. माणसं जमलेली, पाहुणेरावळे, लोकरीचे ढीग. नूरबी गाडीवरून उतरली तशी सगळ्यांची कात्री थांबली. धुरपताबाई चुलीपुढं होती. दंड मोकळे, त्यावर कड्यांच्या जागी पांढुरके वळ.

साजिद आमच्याकडंच चहाला येतो, तेव्हा पुढचं त्याच्या तोंडचं. नूरबीनं आधी प्रतीक्षाच्या सासूचा नंबर मागितला. कुणी देईना. मग धुरपताबाईच्या धाकट्या सुनेनं, दीपालीनं, मुकाट्यानं आपला फोन लावून तिच्या हातात दिला. नूरबीनं फोन मोठ्या आवाजावर टाकला, म्हणजे अख्ख्या वस्तीला ऐकू यावं.

"मी मुरुमची नूरुन्निसा मणियार बोलतीय. पट्टा माझाच हाय. चांदी माझीच हाय. धुरपताबाईनं जसा नेला तसा आणून दिला. म्या त्याला रबर गुंडाळून ठिवला, म्हणून काळा पडला. चूक माझी, आळ म्या घातला. पोरीला किल्ली द्या."

पलीकडून सासू म्हणाली की आमच्या मनात तसलं काही नव्हतंच. असं सगळेच म्हणतात. पण किल्ली परत खुंटीला गेली, हे नंतर कळलं.

इकडं वस्तीवर हशा पिकला. रबर. आणि नूरबीनं. ज्या बाईनं रबरावरून अर्ध्या तालुक्याला फाडून खाल्लं, तिनंच. कातरणीतला एक म्हातारा म्हणाला, "आता गं बया, तुमच्या संसाराचं कसं व्हायचं?" तिचंच वाक्य, तिलाच. नूरबीनं मान खाली घातली आणि ऐकून घेतलं. उलट बोलली नाही. साजिदला मात्र ते सोसवलं नाही. तो चुलीपासून चार हातांवर लावलेली गाडी पुसत उभा राहिला, कान मात्र इकडंच.

मग तिनं पिशवीतून कडी काढली, धुरपताबाईपुढं बसली आणि ती तिच्या दंडात घालायला लागली. बांगड्या भरण्यात हयात गेलेले हात. त्यांनाही त्या दिवशी वेळ लागला. धुरपताबाईनं दंड पुढं केला नाही, मागंही घेतला नाही. कडी एकदाची चढली. पट्टा शेजारी पडला होता. धुरपताबाईनं तो उचलला, उन्हात धरला, बोटानं जोड चाचपले. लोक पुन्हा कामाला लागले तेव्हा तिनं आवाज बारीक केला.

"रबराचा वळ बारीक ऱ्हातो, नूरबी. ह्यो तर समदा धरलाय."

नूरबीनं पट्टा घ्यायला हात पुढं केला, धुरपताबाईनं तो सोडला नाही.

"आमची चांदी बी अशीच व्हती. जलमभर घोंगडीत पडलेली. आमी राखेनं घासतो आन् घालतो." तिनं पट्ट्याच्या जोडात अडकलेला काळा केस नखानं काढला आणि चुलीत टाकला. "खोटं का बोललात?"

"तुमच्या घोंगडीला बोल नको लागाया."

"घोंगडीला कसला बोल?" धुरपताबाई म्हणाली. आणि मग जरा थांबून, भांडणाच्या नव्हे, नुसत्या नवल वाटल्याच्या आवाजात: "पर म्या ती गुंडाळाया कुठं दिली व्हती? तुमचं गुडघं दुखत्यात, नमाजाला खाली घिऊन बसा म्हनून दिली व्हती. सांगून गेल्ते की मी."

साजिद म्हणतो, अम्मीचा चेहरा तेव्हा जो पडला तो मघाच्या हशातही पडला नव्हता. फोनवर, सगळ्यांपुढं, खोट्या चुकीची लाज तिनं आपण होऊन अंगावर घेतली होती. ही खरी लाज आली ती अशी, चुलीपाशी, साजिदखेरीज कुणाला ऐकू न जाता. बाईनं दिलेल्या वस्तूचा वास आला म्हणून ती दृष्टीआड केली होती. एवढ्या वर्षांत कुणी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली नव्हती. ज्या एकीनं केली, तिचं बोलणं गिऱ्हाइकांच्या गर्दीत ऐकलंही नव्हतं. आणि त्याच गिऱ्हाइकांपुढं तिला गिलटवाली ठरवली होती.

धुरपताबाईनं तिला चहा दिला. साखर कमी होती, असं साजिद म्हणतो. राग इतक्यात जात नाही, जाऊही नये.

अलिजाच्या निकाहला पट्टा धोंडप्पानं उजळून दिला. पाकळ्यांच्या खाचेतलं काळं त्यानं मुद्दाम राहू दिलं. तेवढ्यानं नक्षी उठून दिसते, म्हणाला. पोरीच्या कमरेला तो बांधायला नूरबीनं धुरपताबाईला बोलावलं. धुरपताबाई आली, पण बांधताना नूरबीकडं बघितलं नाही. फासा लागला, तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि जेवायला बसली. पुढच्या बाजाराला उंबऱ्यावर टेकली नाही. त्याच्या पुढच्याला टेकली. पान मात्र स्वतःच्या चंचीतलं खाल्लं.

पट्टा आता नव्या मोठ्या पिशवीत आहे, आत ताजी पट्टी, हवा दाबून काढलेली. घोंगडी नूरबीच्या नमाजाला अंथरायच्या जानमाजखाली आहे. ती टोचते, असं ती माझ्या बायकोला म्हणाली. बायको म्हणाली, काढ मग. ती म्हणाली, राहू दे, टोचू दे.

हे मी लिहिणार म्हटल्यावर धुरपताबाईला विचारून घेतलं. ती म्हणाली, लिवा की, मुरुमात वाचतंय कोण. ते खरंच आहे. बाजारात अजून रबराचीच गोष्ट चालते. परवा एक नवी पोरगी, लग्न ठरलेली, दागिने न्यायला आली होती. मैत्रिणींनी तिला पढवून पाठवलं असणार. साखळी हातात घेतल्यावर तिनं केसातला रबर सोडवला आणि अगदी भोळेपणानं विचारलं, "खाला, हा लावून आणला तर चालतो ना? तुम्हीपण लावता म्हणे."

मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी इकडं कान टवकारले. जुनी नूरबी असती तर त्या पोरीच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

नूरबीनं तिच्या हातातून साखळी घेतली, नळीतून ओवली, फासा अडकवला, पिशवीत घातली, पट्टी घातली.

"नको लावू, बेटा," ती म्हणाली. "म्या लावलेला. लई काळं हुतं."